अर्धवट भरलेले सर्वेक्षण-फॉर्म: बाद करावेत, पुन्हा विचारावे, की रिकाम्या जागांसह वापरावेत?

घरोघर जाऊन कागदावर भरून घेतलेले फॉर्म कार्यालयात परत आले की गठ्ठा सोडताच दिसते की बरेचसे फॉर्म पूर्ण नाहीत. कुठे उत्पन्नाची जागा कोरी आहे, कुठे अख्खे पान भरायचे राहिले आहे, तर कुठे पहिल्या दहा प्रश्नांनंतर काहीच लिहिलेले नाही. अशा वेळी ‘अपूर्ण फॉर्म वेगळे काढा आणि पूर्ण असलेलेच मोजा’ असा निर्णय सहज घेतला जातो, कारण त्यात कष्ट कमी असतात आणि तो स्वच्छही वाटतो. माझे मत याच्या उलट आहे. निर्णय फॉर्मचा घ्यायचा नसतो, तर त्यातील प्रत्येक रिकाम्या जागेचा घ्यायचा असतो आणि ती जागा कशामुळे रिकामी राहिली हे समजल्याशिवाय तो घेता येत नाही.

पद्धत स्पष्ट व्हावी म्हणून एक उदाहरण घेऊ. त्यातील आकडे हिशेब दाखवण्यासाठी मी रचलेले आहेत. मराठवाड्यातील एका टंचाईग्रस्त तालुक्यात एका लहान संस्थेने मे महिन्यात ४०० कुटुंबांचे सर्वेक्षण केले. प्रश्नावली चार पानांची आणि ३२ प्रश्नांची आहे. पहिल्या पानावर कुटुंबाची माहिती व जमीन, दुसऱ्यावर पाण्याचे स्रोत आणि पाणी आणायला लागणारा वेळ, तिसऱ्यावर मागील सात दिवसांत पाण्यावर झालेला खर्च आणि चौथ्यावर मासिक उत्पन्न व इतर प्रश्न आहेत. गोळा झालेल्या फॉर्मपैकी ३१० पूर्ण आहेत. उरलेल्या ९० पैकी १४ दुसऱ्या पानाच्या आधीच थांबले आहेत, २२ मध्ये खर्चाचे पान कोरे आहे आणि ५४ मध्ये फक्त उत्पन्न लिहिलेले नाही.

पहिली पायरी: रिकाम्या जागेला कारण लिहिणे

डेटा एंट्री सुरू करण्यापूर्वी प्रत्येक फॉर्मवर क्रमांक टाकावा आणि मूळ कागदावर कोणतीही दुरुस्ती करू नये. त्यानंतर प्रत्येक कोऱ्या जागेचे पाचपैकी एक कारण ठरवावे: प्रश्न त्या घराला लागूच नव्हता, उत्तरदात्याला माहीत नव्हते, त्याने सांगण्यास नकार दिला, सर्वेक्षकाकडून विचारायचे राहिले, किंवा लिहिलेले वाचता येत नाही. कागदावरून कारण कळत नसेल तर ज्याने फॉर्म भरला त्या सर्वेक्षकाला त्याच आठवड्यात विचारावे. महिना उलटल्यावर कोणत्या घरात काय झाले हे कोणाच्याच लक्षात राहत नाही आणि मग मिळणारे उत्तर हा अंदाज असतो.

येथे सर्वांत जास्त घोटाळा शून्यामुळे होतो. ‘टँकरवर किती खर्च झाला?’ या प्रश्नासमोर काही सर्वेक्षक खर्च नसल्यास ० लिहितात, काही सरकारी सवयीने ‘निरंक’ लिहितात, काही आडवी रेघ मारतात आणि काही जागा तशीच सोडतात. पहिल्या दोन्ही गोष्टी म्हणजे खरे उत्तर आहे. आडव्या रेघेचा अर्थ मात्र सर्वेक्षकागणिक बदलतो. एका सर्वेक्षकाचे सगळे फॉर्म एकत्र ठेवून पाहिले, तर त्याची रेघ कशासाठी आहे हे बहुतेक वेळा उमगते. कोरी जागा मात्र कधीही शून्य समजू नये. अपवाद एकच, उत्तर त्याच फॉर्मवरून निर्विवादपणे निघत असेल तर. एकूण खर्च ९०० रुपये, टँकर ६०० रुपये आणि जार ३०० रुपये असे लिहिलेले असेल आणि ‘इतर’ची जागा कोरी असेल, तर तेथे शून्यच येणार. ही भर वैध आहे, पण ती कार्यालयात घातली आहे अशी नोंद करावी.

संगणकात ही कारणे भरताना एक काळजी घ्यावी. उत्तराच्या रकान्यात नकारासाठी ९९९ किंवा –९ असे आकडे टाकण्याची पद्धत जुनी आहे, परंतु एक्सेलमध्ये काम करणाऱ्या लहान संस्थेसाठी ती धोक्याची आहे, कारण सरासरी काढताना हे आकडे खऱ्या उत्तरांसारखेच मोजले जातात. त्याऐवजी उत्तराचा रकाना खरोखर रिकामा ठेवावा आणि कारणासाठी समांतर रकाना करावा. ३२ उत्तरे E ते AJ या रकान्यांत आणि त्यांची ३२ कारणे AK ते BP मध्ये असतील, तर पुढील सूत्रे पुरेशी होतात. पहिले सूत्र एका फॉर्ममधील रिकाम्या जागा मोजते, दुसरे त्यांपैकी लागू नसलेले प्रश्न मोजते आणि तिसरे एकाच प्रश्नाच्या सर्व फॉर्ममधील रिकाम्या जागा मोजते.

```
=COUNTBLANK(E2:AJ2)
=COUNTIF(AK2:BP2,"लागू नाही")
=COUNTBLANK(E2:E401)
```

रकान्यात चुकून एक स्पेस जरी पडली, तरी एक्सेल ती जागा रिकामी मानत नाही. म्हणून मोजणीचा निकाल पाच-दहा कागदी फॉर्मशी ताडून पाहावा. फॉर्म किती पूर्ण आहे हे ठरवताना लागू नसलेले प्रश्न छेदातून वगळावेत. ज्या घराने पाणी विकत घेतलेच नाही त्याला पुढचे पाच प्रश्न लागू नसतील, तर त्याचा हिशेब ३२ ऐवजी २७ प्रश्नांवर करायचा. हे वगळणे राहून गेले, तर ज्यांना सर्वांत कमी प्रश्न लागू होतात ती घरे सर्वांत अपूर्ण दिसतात आणि विनाकारण बाद होतात.

दुसरी पायरी: उत्तरे पाहण्याआधी नियम ठरवणे

किती भरलेला फॉर्म ‘फॉर्म’ मानायचा याची मर्यादा निष्कर्ष डोळ्यांसमोर येण्यापूर्वी लिहून ठेवावी. नंतर ठरवलेली मर्यादा नकळत हव्या त्या आकड्याकडे झुकते. अमेरिकेतील जनमत संशोधकांच्या ‘आपोर’ या संघटनेने आपल्या प्रमाणित व्याख्यांमध्ये एक नमुना दिला आहे. त्यानुसार लागू प्रश्नांपैकी ८० टक्क्यांहून अधिक प्रश्नांची उत्तरे असतील तर फॉर्म पूर्ण, ५० ते ८० टक्के असतील तर अंशतः पूर्ण आणि ५० टक्क्यांहून कमी असतील तर मुलाखत मध्येच तुटली असे मानता येते. हा नियम सर्वांना बंधनकारक नाही, तो एक उदाहरण म्हणून दिलेला आहे. मी त्याला नेहमी दुसरी अट जोडते: अभ्यासाच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर आहे की नाही. खर्चाचा अभ्यास करताना इतर ८५ टक्के प्रश्न भरलेले असले आणि खर्चाचे पानच कोरे असले, तर टक्केवारीने फॉर्म पूर्ण ठरेल, पण मुख्य कामासाठी तो अपूर्णच असेल.

एकही जागा कोरी नसलेले फॉर्मच घ्यायचे, हा नियम किती महाग पडतो ते हिशेबाने कळते. समजा, ३२ पैकी प्रत्येक प्रश्न फक्त ३ टक्के फॉर्ममध्ये कोरा राहिला आणि या चुका एकमेकींशी संबंध नसल्यासारख्या विखुरल्या आहेत. तर सर्व ३२ प्रश्न भरलेले असण्याची शक्यता ०.९७ चा ३२ वा घात, म्हणजे सुमारे ३८ टक्के येते. ४०० पैकी जवळपास १५० फॉर्मच हाती उरतात, आणि तेही प्रत्येक प्रश्नाला ९७ टक्के उत्तरे मिळालेली असताना. प्रत्यक्षात रिकाम्या जागा काही फॉर्ममध्ये एकवटलेल्या असतात, म्हणून नुकसान सहसा इतके होत नाही, परंतु दिशा हीच असते.

तिसरी पायरी: रिकाम्या जागा कोठे साचल्या आहेत हे पाहणे

आता फॉर्म सर्वेक्षक, गाव, तारीख आणि मुलाखतीची वेळ यांनुसार लावावेत. आपल्या उदाहरणातील २२ कोऱ्या पानांपैकी १९ पाने एकाच सर्वेक्षकाची निघाली आणि त्या सर्व १९ घरांत पाण्याचा मुख्य स्रोत म्हणून स्वतःची विहीर किंवा बोअर लिहिलेली आहे. विचारल्यावर तो सर्वेक्षक प्रामाणिकपणे सांगतो की ज्यांच्या दारात बोअर आहे त्यांना पाण्याच्या खर्चाचे काय विचारायचे, असे त्याला वाटले. ही समजूत हिवाळ्यात कदाचित चालली असती. मे महिन्यात मात्र अनेक बोअर आटलेल्या असतात आणि तीच घरे टँकर मागवतात. तेथे शून्य भरले असते तर सर्वेक्षकाची समजूत आपल्या अहवालात निष्कर्ष म्हणून छापली गेली असती.

पहिल्या पानानंतर तुटलेल्या १४ मुलाखती अधिक बोलक्या आहेत. फॉर्मवर सुरुवातीची वेळ नोंदवलेली असल्यामुळे दिसते की त्यांपैकी ९ सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान सुरू झाल्या होत्या आणि समासात ‘टँकर आला, बाई उठून गेल्या’ अशा नोंदी आहेत. म्हणजे ज्या घरांना पाण्यासाठी हातातले काम टाकून धावावे लागते, नेमके त्यांचेच फॉर्म अर्धवट राहिले. पन्नास टक्क्यांचा नियम यांत्रिकपणे लावून ते बाद केले, तर पाणीटंचाईच्या सर्वेक्षणातून सर्वाधिक टंचाई सोसणारी घरेच निघून जातील. ही नोंद ज्या सर्वेक्षकाने केली त्याचे मला फार कौतुक वाटते, कारण समासातल्या त्या एका ओळीमुळे १४ घरांबाबतचा निर्णय बदलतो.

रिकाम्या जागांच्या कारणांची तात्त्विक मांडणी डोनाल्ड रुबिन या संख्याशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये केली आणि आज वापरली जाणारी विभागणी तिच्यातूनच आली आहे. उत्तर निव्वळ अपघाताने राहिले असेल, उदाहरणार्थ दोन पाने एकदम उलटली गेली, तर उरलेली उत्तरे सर्वांचे योग्य प्रतिनिधित्व करतात आणि नुकसान फक्त संख्येचे होते. उत्तर राहण्याचा संबंध फॉर्मवरच्या दुसऱ्या माहितीशी, म्हणजे जमिनीशी किंवा गावाशी असेल, तर ती माहिती वापरून चूक बरीचशी दुरुस्त करता येते. परंतु न दिलेले उत्तर जितके मोठे तितका नकार जास्त, असे असेल, तर फॉर्ममधील कोणत्याही माहितीने ती चूक पूर्ण निघत नाही. दुसरा आणि तिसरा प्रकार हाती असलेल्या आकड्यांवरून वेगळे ओळखता येत नाहीत. त्यासाठी गावाची आणि विषयाची जाण लागते.

चौथी पायरी: पुन्हा कोणाकडे जायचे आणि कसे

पुन्हा विचारण्याचा अधिकार आपल्याला सगळीकडे नसतो. ज्याने उत्पन्न सांगण्यास स्पष्ट नकार दिला त्याच्याकडे तोच प्रश्न घेऊन परत जाऊ नये, कारण नकार हेही त्याने दिलेले उत्तर आहे. फॉर्म निनावी असेल तर घर शोधून काढण्याचा प्रयत्नही करू नये. सर्वेक्षकाकडून राहिलेले आणि परिस्थितीमुळे तुटलेले फॉर्म मात्र पुन्हा भेटीसाठी योग्य असतात. आपल्या उदाहरणात ही १४ आणि २२ मिळून ३६ घरे आहेत.

भेट लवकर घ्यावी. प्रश्न ‘मागील सात दिवसांतील खर्च’ असा असेल आणि आपण तीन आठवड्यांनी गेलो, तर तेव्हाचे सात दिवस वेगळे असतात. मधल्या काळात वळवाचा पाऊस झाला असेल तर आकडा पूर्णच बदलेल. जुन्या तारखेच्या सात दिवसांचा खर्च आठवून सांगायला लावणे हा त्यावर चांगला उपाय नाही, कारण जार आणि ड्रमचे किरकोळ पैसे कोणाच्या ध्यानात राहत नाहीत. त्यापेक्षा नवे सात दिवस विचारावेत, भेटीची तारीख स्पष्ट लिहावी आणि विश्लेषणात ही घरे वेगळी ओळखू येतील अशी खूण ठेवावी. शक्यतो त्याच उत्तरदात्याशी बोलावे, फक्त राहिलेले प्रश्न विचारावेत आणि वेगळ्या शाईने लिहावे. बोलता बोलता जुन्या उत्तराशी विसंगती दिसली तर जुने उत्तर खोडू नये, शेजारी नोंद करावी. त्या १९ घरांकडे दुसरा सर्वेक्षक पाठवावा, आणि सकाळी तुटलेल्या मुलाखतींसाठी टँकरची वेळ आधी विचारून दुपारनंतर जावे.

पैसे किंवा दिवस कमी असल्यास जवळच्या, रस्त्यालगतच्या घरांना भेटी देऊन काम संपवण्याचा मोह होतो. तसे केल्यास आडवस्त्या पुन्हा एकदा वगळल्या जातात. १९४६ मध्ये हॅन्सन आणि हर्विट्झ यांनी टपालाने पाठवलेल्या प्रश्नावल्यांना उत्तर न देणाऱ्यांसाठी एक उपाय मांडला आणि तो येथेही लागू पडतो: उत्तर न मिळालेल्यांतून चिठ्ठ्या टाकून काही निवडावेत, त्यांच्यापर्यंत कसोशीने पोहोचावे आणि विश्लेषणात त्यांना योग्य भार द्यावा. १४ पैकी ७ आणि २२ पैकी ११ घरे चिठ्ठ्या टाकून निवडली, तर त्यांतील प्रत्येक घराचे उत्तर दोन घरांचे म्हणून मोजायचे. निवडलेले घर बंद आढळले तर शेजारचे घर घेऊ नये, वेगळ्या वेळी पुन्हा जावे. छत्तीस घरे धावतपळत उरकण्यापेक्षा अठरा घरे नीट गाठणे मला अधिक विश्वासार्ह वाटते.

पाचवी पायरी: उरलेल्या रिकाम्या जागांसह हिशेब

आता उत्पन्न न सांगितलेली ५४ घरे उरतात. १४ तुटलेले फॉर्म तूर्त बाजूला ठेवून ३८६ घरांचा हिशेब करू. जमीन सर्वांनी सांगितलेली आहे, म्हणून तिच्यानुसार तीन गट पाडता येतात. पाच एकर किंवा अधिक जमीन असलेली ९६ घरे आहेत आणि त्यांतील २९ जणांनी उत्पन्न सांगितले नाही. पाच एकरांहून कमी जमीन असलेल्या १७० घरांत असे १७ आहेत आणि भूमिहीन १२० घरांत ८ आहेत. म्हणजे मोठ्या शेतकऱ्यांत तीस टक्के जागा कोऱ्या आहेत, तर भूमिहीनांत सातच्या आसपास. नकार सर्वांत सारखा नाही, हे येथेच दिसते.

ज्यांनी सांगितले त्यांचे सरासरी मासिक उत्पन्न या तीन गटांत अनुक्रमे २४,०००, १३,००० आणि ९,००० रुपये आहे असे धरू. केवळ मिळालेल्या ३३२ उत्तरांची थेट सरासरी घेतली तर ती सुमारे १३,८७० रुपये येते. आता प्रत्येक गटाची सरासरी त्या गटातील सर्व घरांना, म्हणजे ९६, १७० आणि १२० यांना गुणून, बेरजेला ३८६ ने भागले, तर सुमारे १४,४९० रुपये येतात. फरक ६२० रुपयांचा आहे आणि तो एवढ्याचमुळे पडला की मोठे शेतकरी हिशेबातून जास्त प्रमाणात गळले होते. एक्सेलमध्ये ही दुरुस्ती दहा मिनिटांत होते आणि लहान संस्थेला बहुतेक वेळा एवढी पुरते.

ही दुरुस्ती एक गोष्ट गृहीत धरते: एकाच गटात सांगणाऱ्यांचे आणि न सांगणाऱ्यांचे उत्पन्न सारखे असते. तसे नसेल तर किती फरक पडेल हेही पाहावे. मोठ्या शेतकऱ्यांपैकी गप्प राहिलेल्या २९ जणांचे उत्पन्न इतरांपेक्षा ३० टक्क्यांनी जास्त, म्हणजे ३१,२०० रुपये मानले, तर एकूण सरासरी सुमारे १५,०३० पर्यंत जाते. असे दोन-तीन पर्याय तपासून निष्कर्ष बदलत नसेल तर निर्धास्तपणे लिहावे. बदलत असेल तर एक आकडा न देता पल्ला द्यावा.

सर्व ५४ जागांमध्ये एकच सरासरी आकडा भरण्याची पद्धत मात्र टाळावी. तीत गटांतील फरक पुसला जातो आणि ५४ घरे तंतोतंत सारख्या उत्पन्नाची होतात. मग उत्पन्नांतील तफावत खरी असते त्याहून कमी दिसते आणि जमीन व उत्पन्न यांचा संबंधही फिका पडतो. उत्पन्नाचा इतर अनेक गोष्टींशी संबंध तपासायचा असेल, तर रुबिन यांनीच विकसित केलेली बहुविध भरणीची पद्धत वापरावी. तीत प्रत्येक रिकाम्या जागेत इतर माहितीच्या आधारे अनेक वेगवेगळे संभाव्य आकडे घालून तेवढे संच तयार केले जातात, प्रत्येक संचाचे विश्लेषण होते आणि शेवटी निकाल एकत्र करताना भरणीतली अनिश्चितताही मोजली जाते. आर या मोफत प्रणालीतील mice हे पॅकेज यासाठी प्रचलित आहे, पण ते प्रथमच वापरताना संख्याशास्त्राच्या जाणकाराला सोबत घ्यावे. ‘घरात पाणी कोण भरते’ यांसारख्या साध्या टक्केवारीच्या तक्त्यांत काहीही भरू नये. तेथे उत्तर देणाऱ्यांवर टक्केवारी काढावी आणि त्यांची संख्या तक्त्याखाली लिहावी.

मग बाद काय करायचे? माझ्या मते फार थोडे: एकाच घराचा दोनदा भरलेला फॉर्म, संमती मागे घेतलेली मुलाखत, सर्वेक्षकाने घरी न जाताच भरल्याचे सिद्ध झालेला फॉर्म आणि पुन्हा भेटीनंतरही मुख्य प्रश्नांची उत्तरे नसलेला फॉर्म. हा शेवटचा प्रकार विश्लेषणातून वगळला, तरी प्रतिसादाच्या हिशेबातून वगळू नये. ४०० घरांना भेटलो आणि ९ घरांकडून उपयुक्त माहिती मिळाली नाही, तर छेद ४०० च राहतो, तो ३९१ होत नाही.

पुढच्या फेरीत मोबाइलवरील फॉर्म वापरून प्रत्येक प्रश्न सक्तीचा केला की रिकाम्या जागा नाहीशा होतील, असे वाटते. त्या नाहीशा होतात हे खरे, पण त्यांच्या जागी ० आणि ९९ येतात, कारण पुढचा प्रश्न उघडण्यासाठी सर्वेक्षकाला काहीतरी भरावेच लागते. प्रश्न सक्तीचा करायचा असेल तर त्यात ‘माहीत नाही’ आणि ‘सांगायचे नाही’ असे दोन वेगळे पर्याय द्यावेत.

अहवालात या सर्व कामाची नोंद एका परिच्छेदात होते. आपल्या उदाहरणात ती अशी असेल: ‘४०० कुटुंबांच्या मुलाखती सुरू केल्या, ३१० पहिल्या भेटीत पूर्ण झाल्या. सर्वेक्षकाकडून पान राहिलेल्या २२ आणि मध्येच थांबलेल्या १४ घरांना पुन्हा भेट दिली. त्यांतील खर्चाचे आकडे नंतरच्या आठवड्याचे आहेत. उत्पन्न ५४ कुटुंबांनी सांगितले नाही. जमिनीच्या गटांनुसार दुरुस्त केलेली सरासरी १४,४९० रुपये असून दुरुस्तीशिवाय ती १३,८७० आहे. न सांगणाऱ्या मोठ्या शेतकऱ्यांचे उत्पन्न ३० टक्के जास्त मानल्यास ती १५,०३० होते. उत्पन्नाच्या आकड्यांत मध्येच थांबलेली १४ घरे धरलेली नाहीत.’